भागीदारीतील नफ्याची वाटणी : रक्कम व मुदत यांचा मेळ

शेतकरी भागीदारीत गुऱ्हाळ चालवितात तेव्हा सर्वांचे भांडवल एकाच दिवशी जमा होत नाही. कोणी प्रारंभी पैसे घालतो, कोणी मध्येच काही रक्कम उचलतो, तर कोणी अर्धा हंगाम संपल्यावर सामील होतो. अशा वेळी केवळ रकमेवरून वाटणी केल्यास ज्याचा पैसा अधिक काळ गुंतून राहिला त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून प्रत्येकाच्या रकमेस ती जितके महिने धंद्यात होती त्या संख्येने गुणावे आणि येणाऱ्या गुणाकारांच्या प्रमाणात नफा वाटावा.

समजा, नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने तिघांनी गुऱ्हाळ चालविले. पहिल्याचे ४०,००० रुपये सहाही महिने धंद्यात होते. त्याचा गुणाकार २,४०,००० झाला. दुसऱ्याने ६०,००० रुपये घातले, परंतु दोन महिन्यांनी घरच्या लग्नासाठी ३०,००० परत घेतले. त्याचे पहिल्या दोन महिन्यांचे १,२०,००० व पुढील चार महिन्यांचे १,२०,००० मिळून २,४०,००० होतात. तिसरा फेब्रुवारीच्या प्रारंभी ४०,००० रुपये घेऊन आला. तीन महिन्यांचा त्याचा गुणाकार १,२०,००० आहे. हे प्रमाण २ : २ : १ असे पडते.

सर्व खर्च वजा जाता ३५,००० रुपये नफा उरला, तर त्याचे पाच भाग करावेत. एक भाग ७,००० रुपयांचा होतो. पहिल्या दोघांस प्रत्येकी १४,००० व तिसऱ्यास ७,००० मिळतील. तिन्ही वाटे मिळून ३५,००० भरतात, यावरून हिशेब ताडून पाहावा. मूळ रकमांवरून वाटणी केली असती, तर अनुक्रमे १०,०००, १५,००० व १०,००० आले असते. म्हणजे पहिल्याचे ४,००० रुपये बुडाले असते.

कोणी महिन्याच्या मध्यास आला असल्यास सर्वांचीच मुदत दिवसांत मोजावी. एकाचे दिवस व दुसऱ्याचे महिने धरल्यास प्रमाण बिघडते. घरखर्चासाठी घेतलेली उचल त्याच तारखेस वहीत मांडावी. ती राहून गेल्यास गुणाकार फुगतो.

या रीतीत प्रत्येक महिन्याची कमाई सारखी धरली जाते. आरंभीच्या महिन्यांत गुळास चढा भाव मिळाला असेल, तर नवा भागीदार घेताना तोपर्यंतचा हिशेब मिटवून नफा वाटावा, म्हणजे तंटा उरत नाही.

मात्र ही रीत आपोआप लागू होत नाही. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या १३ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नफा व तोटा सर्व भागीदारांत समान वाटला जातो, आणि काम पाहणाऱ्या भागीदारास वेगळा मेहनताना मागता येत नाही. वरील उदाहरणात करार नसता, तर तिसऱ्यास ७,००० ऐवजी सुमारे ११,६६७ रुपये मिळाले असते. म्हणून वाटणीची रीत, तोट्याचे प्रमाण व मेहनताना ही तिन्ही कलमे गुऱ्हाळ पेटण्यापूर्वीच करारपत्रात लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.