जाड भिंतीतूनही हॉर्न ऐकू येतो, तो का?

भिंतीवर आवाज आदळतो तेव्हा हवेच्या दाबातल्या चढउतारांमुळे भिंत अगदी किंचित थरथरते आणि ती थरथर पलीकडच्या हवेला पोचते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हलते. म्हणून आवाज अडवण्याचे पहिले काम वजन करते. भिंतीचे दर चौरस मीटरमागचे वजन दुप्पट झाले, की ती साधारण 5 डेसिबल आवाज जास्त अडवते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली चार इंची विटेची भिंत सुमारे 45 डेसिबल अडवते, तर नऊ इंची भिंत 50 च्या आसपास. आवाज 10 डेसिबलने उतरला, तर कानाला तो साधारण निम्मा वाटतो. म्हणजे खोलीतली पाच इंच जागा आणि दुप्पट विटा खर्च करूनही मिळणारा फरक जाणवण्याजोगा असतो, पण फार मोठा नसतो.

नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा एएसी ब्लॉकच्या असतात. बांधकामावर त्यांना सरसकट सिपोरेक्स म्हटले जाते. हा ब्लॉक विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असल्यामुळे इमारतीवरचा भार कमी होतो आणि उष्णताही अडते. आवाज मात्र तितका अडत नाही. अशी चार इंची भिंत गिलाव्यासह 40 डेसिबलच्या जवळपास थांबते. शेजारच्या खोलीतले साधे बोलणे तिच्यातून कळत नाही, पण चढलेला सूर आणि टीव्ही कळतो. या भिंतीत निम्म्याहून थोडे कमी वजन गिलाव्याचेच असते. त्यामुळे गिलाव्यावर केलेली काटकसर इथे लगेच ऐकू येते.

दोन बेडरूमच्या मधली भिंत चांगली असूनही आवाज येत असेल, तर दोष बहुधा भिंतीच्या अंगात नसून तिच्या कडेला किंवा तिला पाडलेल्या भोकांत असतो. स्विचबोर्डचे डबे दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसवले, की तिथे विटेऐवजी पातळ पत्राच उरतो. भिंतीचा माथा आणि वरची तुळई यांच्यामधली फट सिमेंटच्या मालाने नीट भरलेली नसते, आणि वरून पीओपी आल्यावर ती दिसेनाशी होते. सर्वात मोठी वाट मात्र दारांची. दोन्ही बेडरूमची दारे एकाच पॅसेजमध्ये उघडतात. दाराखाली एक सेंटिमीटर फट असली, तर आवाज भिंतीला वळसा घालून एका दाराखालून बाहेर पडतो आणि दुसऱ्याखालून आत शिरतो. अशा घरात भिंत जाड करण्याआधी दारांना खाली रबराची किंवा ब्रशची पट्टी आणि चौकटीला गॅस्केट लावणे जास्त उपयोगी पडते.

रस्त्याच्या बाजूला हाच हिशेब आणखी टोकाला जातो. समजा, रस्त्याकडची भिंत 10 चौरस मीटरची आहे. तिच्यात 8 चौरस मीटर विटेचे काम 48 डेसिबल अडवते आणि 2 चौरस मीटरची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी जेमतेम 20. सरासरी काढल्यासारखी 42 डेसिबलची अपेक्षा वाटते, पण प्रत्यक्षात उत्तर 27 येते, कारण आत येणारी जवळपास सगळी ऊर्जा खिडकीतूनच येते. आता तीच भिंत दुप्पट जाड केली तरी आकडा 27 च राहतो. उलट भिंतीला हात न लावता खिडकी 32 डेसिबलची केली, तर एकूण अडवणूक 38 च्या पुढे जाते. बाहेर 70 डेसिबलचा रस्ता असेल, तर बेडवर पडलेल्याला आधी साधारण 43 डेसिबल ऐकू येत होते, ते 32 वर येते. जागतिक आरोग्य संघटनेने झोपेच्या खोलीसाठी सुचवलेल्या 30 च्या अगदी जवळ.

सरकत्या खिडकीत काचेपेक्षा फट जास्त दगा देते. शटर ट्रॅकवर सरकायचे म्हणून त्याच्याभोवती मोकळीक ठेवावीच लागते. ती मोकळीक वूलपाइलच्या केसाळ पट्टीने झाकलेली असते, बंद झालेली नसते. पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी खालच्या ट्रॅकला पाडलेली भोके तर उघडीच असतात. बाहेर उघडणारी, केसमेंट पद्धतीची खिडकी हँडल फिरवल्यावर चौकटीतल्या रबरी गॅस्केटवर चारही बाजूंनी दाबून बसते, म्हणून तीच काच असूनही ती बरीच शांत ठरते. फट तपासायला यंत्र लागत नाही. खिडकी कागदाच्या पट्टीवर बंद करावी. पट्टी सहज ओढून निघाली, तर तिथले गॅस्केट दबलेले नाही. पंखा बंद करून कडेने उदबत्ती फिरवली, की धूर जिथे वाकतो तिथून हवा येते, आणि हवेबरोबर आवाजही. चौकट आणि भिंत यांच्यातल्या सांध्यात सिलिकॉन नुसते वरवर ओढलेले असेल, तर धूर तेही दाखवतो.

फटी बंद झाल्यावर काचेचा विचार करावा. विक्रेते दुहेरी काच सुचवतात, पण 4 मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये 12 मिलिमीटर हवा ही रचना मुख्यतः उष्णतेसाठी असते. दोन काचा आणि मधली हवा मिळून साधारण 245 हर्ट्झला एकत्र कंप पावतात, आणि रस्त्यावरच्या इंजिनांच्या घरघरीचा मोठा भाग त्याच आसपास किंवा त्याखाली असतो. तेवढ्या पट्ट्यात ही खिडकी एकेरी जाड काचेपेक्षा फारशी सरस ठरत नाही. अंतर 100 मिलिमीटर केले, की हा कंप 85 हर्ट्झपर्यंत खाली सरकतो. म्हणूनच जुनी खिडकी तशीच ठेवून भिंतीच्या आतल्या कडेला दुसरी, घट्ट बसणारी खिडकी लावणे हा बहुतेक वेळा सर्वात चांगला सौदा असतो. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्याव्यात. 4 मिलिमीटरची काच 3000 हर्ट्झच्या आसपास स्वतःहून कमजोर पडते आणि 6 मिलिमीटरची 2000 च्या आसपास. हॉर्नचा बोचरा भाग याच टापूत येत असल्यामुळे दोघींनी एकाच जागी कमजोर पडणे परवडत नाही.

या उपायाची किंमत हवेत मोजावी लागते. घट्ट बंद खिडकीतून वारा येत नाही, आणि खिडकीत बसवलेला एसी म्हणजे पातळ पत्र्याचे मोठे भोकच असते. शांतता हवी असेल, तर स्प्लिट एसी आणि ताज्या हवेसाठी रस्त्यापासून दूरच्या बाजूची खिडकी, अशी विभागणी करावी लागते.

भिंत आणि खिडकीनंतर उरले मऊ छत. खनिज लोकरीच्या टाइल किंवा छिद्रे पाडलेले जिप्सम बोर्ड आवाज अडवत नाहीत. खोलीत आधीच शिरलेला आवाज ते शोषून घेतात. हार्वर्डमध्ये 1895 पासून वॉलेस सबाइन याने रात्री नाट्यगृहातल्या गाद्या व्याख्यानगृहात नेऊन, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. शोषणाचे शास्त्र त्यातून उभे राहिले. त्याच शास्त्रानुसार, खोलीतले एकूण शोषण दुप्पट झाले तर आतला आवाज फक्त 3 डेसिबलने उतरतो. बेडरूममध्ये गादी, पडदे, कपडे आधीच बरेच शोषतात. म्हणून 10 बाय 12 फुटांच्या खोलीत असे छत लावून 2 डेसिबलच्या आसपास हाती लागते. रिकाम्या, फरशीच्या हॉलमध्ये फायदा जास्त. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे यांच्यात वजनही नसते आणि पुरेसे शोषणही नसते.

वरच्या मजल्यावरच्या पावलांचा धप्पधप्प आवाज तर मऊ छताला दादच देत नाही, कारण तो हवेतून नव्हे, स्लॅबच्या अंगातून येतो आणि भिंतींतूनही खाली उतरतो. त्यासाठी जिप्समचे दोन थर स्लॅबला घट्ट न बांधता रबरी किंवा स्प्रिंगच्या हँगरवर टांगावे लागतात, वर 50 मिलिमीटर रॉकवूल भरावी लागते आणि कडा भिंतीला टेकू न देता मऊ सीलंटने बंद कराव्या लागतात. एका जागी कडक खिळा राहिला, तरी कंप त्यातून खाली येतो. हे सगळे करूनही वरच्यांनी आपल्या फरशीवर जाड गालिचा टाकण्याइतका फरक क्वचितच पडतो.