जीवरक्षकाने पाण्यात उडी कुठे मारावी?

समजा, तुम्ही गोव्यात कळंगुटच्या किनाऱ्यावर जीवरक्षक आहात आणि पाण्याच्या अगदी कडेला उभे आहात. एवढ्यात मदतीसाठी हलणारा हात दिसतो. किनाऱ्याकिनाऱ्याने 100 मीटर पुढे आणि तिथून आत 40 मीटर. काय कराल?

सरळ त्याच्याकडे पोहत सुटावं, असं वाटतं. अंतर सगळ्यांत कमी, 108 मीटर. पण ओल्या वाळूवर तुम्ही सेकंदाला 5 मीटर धावता आणि पाण्यात जेमतेम सव्वा मीटर कापता, असं धरा. मग या जवळच्या वाटेला 86 सेकंद लागतात! त्याच्या अगदी समोरपर्यंत धावून मग पोहलात, तर 20 अधिक 32, म्हणजे 52 सेकंद.

याहून कमी वेळ शक्य आहे का? एक मीटर धावायला लागतो तेवढ्या वेळात तुम्ही पाव मीटर पोहता. म्हणून आणखी एक मीटर धावल्याने पोहण्याची वाट पाव मीटरहून जास्त घटत असेल, तोवर धावत राहा. सुरुवातीला ती जवळजवळ मीटरभर घटते, समोर येता येता काहीच घटत नाही. पाव मीटरचा तोल साधतो तो समोरच्या जागेच्या 10 मीटर आधी. तिथे उडी मारली, तर एकूण 51 सेकंद.

एवढ्या खटाटोपाने वाचला एकच सेकंद! खरं सांगायचं तर 20 मीटर आधी उडी मारली, तरी 52 च्या आतच पोहोचाल. किनाऱ्यावर मोजत बसायची गरज नाही, घाईने फार लवकर पाण्यात शिरणंच महागात पडतं. अर्थात हे शांत पाण्याचं गणित. ओढ असेल तर पाणीच तुम्हाला आणि त्यालाही सरकवतं.

आता गंमत पाहा. तुमची पोहण्याची वाट दर 4 मीटरमागे 1 मीटर आडवी सरकते, कारण तुमचा पोहण्याचा वेग धावण्याच्या एक चतुर्थांश आहे. 1662 मध्ये फ्रेंच गणिती फर्मा यांनी दाखवलं, की प्रकाशही कमीत कमी वेळाची वाट धरतो असं मानलं, तर त्याच्या वळण्याचा, म्हणजे अपवर्तनाचा नियम आपोआप निघतो. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाला चाटून येणारा किरण, अगदी किनाऱ्याने धावणाऱ्या तुमच्यासारखा, आत शिरल्यावर दर 4 मीटरमागे 3 मीटर आडवा जातो. उभ्या रेषेशी त्याचा कोन होतो सुमारे 49 अंश.

पोहण्याच्या तलावात पाणी स्थिर असताना, गॉगल लावून खालून वर बघा. बाहेरचं सगळं जग, काठावरची माणसंसुद्धा, डोक्यावरच्या एका गोल खिडकीत मावलेलं दिसेल. डोळे मीटरभर खोल असतील, तर ती खिडकी साधारण सव्वादोन मीटर रुंद असते. तिच्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात तलावाचा तळच दिसतो.