तीन पानांचा रेझ्युमे दोन पानांत

पुण्याजवळच्या चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला एखादा क्वालिटी इंजिनिअर घ्या. चौदा वर्षांचा अनुभव, तीन पानांचा रेझ्युमे, साधारण १३५ ओळी. दोन पानांत मावतात नव्वदच्या आसपास. म्हणजे ४५ ओळी कमी करायच्या.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी अक्षरांच्या आकाराकडे जातो. अकराचा फॉण्ट नऊवर येतो, समास आक्रसतात आणि मजकूर कसाबसा दोन पानांत कोंबला जातो. वाचणाऱ्याची मात्र दमछाक होते. त्यामुळे मांडणीला सगळ्यांत शेवटी हात लावावा.

सुरुवात काढून टाकण्यापासून करावी, कारण जी ओळ जाणारच आहे तिला घासूनपुसून छोटी करण्यात वेळ का घालवायचा? ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापत्र, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक, छंद, कोणालाही लागू पडेल असे ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ आणि दहावी-बारावीच्या गुणांचा तक्ता, एवढे गेले की वीस-बावीस ओळी मोकळ्या होतात. सरकारी भरतीत यातले काही लागते, पण तिथे त्यासाठी वेगळा अर्ज असतो.

मग एकत्र करणे. आपला इंजिनिअर एकाच कंपनीत ट्रेनी, इंजिनिअर आणि सीनिअर इंजिनिअर होता. तिन्ही पदांखाली तपासणी, ऑडिट आणि ग्राहकांच्या तक्रारी हीच कामे पुन्हा पुन्हा लिहिलेली. कंपनीचे नाव एकदाच द्यावे, त्याखाली तिन्ही पदे आपापल्या वर्षांसह आणि मग कामांची एकच यादी. इथे दहा-बारा ओळी वाचतात, शिवाय बढतीचा चढता क्रम एका नजरेत दिसतो. वर्षे मात्र गाळू नयेत. ती गेली की मध्ये नोकरी नव्हती की काय, अशी शंका येते.

तिसरी पायरी आटोपशीर करण्याची आणि खरी कसोटी इथेच लागते. दहा वर्षांपूर्वीच्या नोकरीला पद, कंपनी आणि वर्षे सांगणारी एक-दोन ओळींची जागा पुरे. अलीकडच्या नोकरीतही ‘उत्पादनाच्या गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली, विविध विभागांशी समन्वय ठेवला व नाकारल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण कमी करण्यासाठी प्रयत्न केले’ हे वाक्य ‘रिजेक्शन ११ महिन्यांत ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले’ एवढ्यात बसते. आकडा खरा हवा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. चूक होते ती सगळीकडे सारखी कात्री चालवण्यात: जुन्या नोकरीला सहा ओळी आणि आताच्यालाही सहाच. अलीकडच्या पाच-सात वर्षांना निम्म्याहून अधिक जागा मिळाली आहे ना, एवढे पाहिले तरी हा तोल कळतो.

तरीही चार-पाच ओळी उरतातच. आता एकेका शब्दासाठी खाली घसरलेल्या ओळी शोधाव्यात. वरच्या ओळीतला एखादा शब्द कमी केला की खालची अख्खी ओळ सुटते. त्यानंतर समास थोडा कमी करायला हरकत नाही, पण फॉण्ट दहाच्या खाली नेऊ नये. शेवटी पीडीएफ काढून पाने मोजावीत, कारण वर्डमधली दोन पाने दुसऱ्याच्या संगणकावर कधीकधी सव्वादोन होतात. तीन पानांची मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी. पुढच्या अर्जासाठी यातलीच वगळलेली एखादी ओळ परत लागू शकते.