तीनदा मोजलेली समिती

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझी वही काल पोचली. सोळा दिवसांत त्रेसष्ट गणितं, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांखाली तू प्रामाणिकपणे 'उत्तर पाहिलं' असं लिहिलंयस. शेवटच्या पानावर तुझा प्रश्न आहे: "सर, उत्तर वाचलं की सगळं कळतं, पण स्वतःहून काही सुचत नाही. आणखी किती गणितं करू?"

आणखी करूच नकोस. या महिन्यात कॉम्बिनेटोरिक्सची चार गणितं पुरेत. ती कशी करायची ते सांगण्यासाठी तुझीच एक चूक उसनी घेतो. ती मला फार आवडली आहे.

अकराव्या पानावरचं गणित: पाच मुली आणि चार मुलगे यांतून चौघांची समिती निवडायची, त्यात किमान दोन मुली हव्यात. तू आधी दोन मुली निवडल्यास, त्याचे १० प्रकार. मग उरलेल्या सातांतून कोणीही दोघं, त्याचे २१. गुणाकार २१०. पाठीमागचं उत्तर १०५ निघालं म्हणून तू २१० वर काट मारलीस, पुस्तकातली रीत उतरवलीस आणि पान उलटलंस. ते पान उलटणं तेवढं चुकलं.

पहिली गोष्ट, २१० हे उत्तर चुकीचं आहे हे पुस्तक न उघडता कळायला हवं होतं. काहीही अट न घालता नऊजणांतून चौघं निवडायचे प्रकारच मुळात १२६ आहेत. अट घातल्यावर ते वाढतील कसे? आयओक्यूएमला तीन तासांत तीस प्रश्न असतात आणि फक्त अंतिम संख्या भरायची असते. तिथे तुझी रीत कोणी वाचणार नाही, त्यामुळे स्वतःची संख्या पकडायची ही अर्ध्या मिनिटाची सवय तुलाच लावून घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २१० आलं कुठून? नेमक्या दोन मुली असलेल्या समित्या ६० आहेत, तीन मुली असलेल्या ४० आणि चारही मुलीच असलेल्या ५. बेरीज १०५. आता तुझी रीत बघ. समितीत तीन मुली असतील, तर त्यांतल्या कोणत्या दोन 'आधी निवडलेल्या' आणि कोणती 'नंतर आलेली', हे तीन प्रकारे ठरवता येतं. म्हणजे तू तीच समिती तीनदा मोजलीस. चार मुलींची समिती सहादा मोजलीस. करून बघ: ६० एकदा, ४० तीनदा म्हणजे १२०, ५ सहादा म्हणजे ३०. बरोबर २१०! चुकीच्या उत्तराचाही हिशोब पैशाला पैसा जुळला. भास्कराचार्यांनी लीलावतीत अंकांच्या मांडणीच्या प्रकरणाला 'अंकपाश' असं नाव दिलंय. आपण त्यात कुठे अडकलो ते असं शोधता येतं.

म्हणून पहिला नियम: मोजणीचं उत्तर चुकलं की बरोबर रीत लगेच उतरवायची नाही. कोणती वस्तू किती वेळा मोजली गेली, हे आधी शोधायचं. त्याला वेळ लागतो. पण 'ही वस्तू किती वेळा मोजली गेली' हाच प्रश्न पुढे मोठी गणितं फोडतो. एक असं गणित तुला सविस्तर दाखवतो.

१९९८ साली तैपेईला झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधला हा दुसरा प्रश्न. तो भारतानेच सुचवला होता. एका स्पर्धेत 'स' स्पर्धक आणि 'प' परीक्षक आहेत. 'प' ही विषम संख्या आहे, किमान तीन. प्रत्येक परीक्षक प्रत्येक स्पर्धकाला पास किंवा नापास करतो. कोणतेही दोन परीक्षक घेतले, तर त्यांचा निकाल जास्तीत जास्त 'क' स्पर्धकांबाबत सारखा असतो. सिद्ध करायचंय ते असं:

क/स ≥ (प − १)/२प

मला माहीत आहे, तू आता काय करशील. अक्षरं बघून समीकरण मांडायला लागशील. पेन खाली ठेव. आधी तीनच परीक्षक घे, तीन-चार स्पर्धक घे आणि कागदावर पास-नापास भरून बघ. दोन परीक्षकांचं एकमत शक्य तितकं कमी ठेवायचा प्रयत्न कर. अर्ध्या तासात एक गोष्ट टोचायला लागेल: एका स्पर्धकाबाबत तिघांचीही मतं एकमेकांपासून वेगळी करताच येत नाहीत. निकाल दोनच, परीक्षक तीन, मग कोणीतरी दोघं जुळणारच. हे लक्षात आलं की गणिताचा गाभा हाती आला. पण तो तुझ्या हाताला लागायला हवा, मी सांगून उपयोग नाही. तू वहीत उत्तर पाहिलंस तेव्हा नेमका हाच अर्धा तास बुडाला.

आता कोष्टक आख. प्रत्येक स्पर्धकाची एक आडवी ओळ. उभे रकाने मात्र परीक्षकांचे नाहीत, परीक्षकांच्या जोड्यांचे. तिघांच्या जोड्या तीन. एखाद्या जोडीचं एखाद्या स्पर्धकाबाबत एकमत असेल तर त्या घरात खूण कर. मग सगळ्या खुणा दोन प्रकारे मोज. ओळींनी मोजलंस तर प्रत्येक ओळीत किमान एक खूण, म्हणून एकूण किमान 'स'. रकान्यांनी मोजलंस तर प्रत्येक रकान्यात जास्तीत जास्त 'क', म्हणून एकूण जास्तीत जास्त '३क'. खुणा त्याच आहेत, म्हणून ३क ≥ स. सूत्रात प = ३ घालून बघ, एक तृतीयांशच येतो.

समितीच्या गणितात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजून तू फसली होतीस. इथे आपण तेच जाणूनबुजून करतोय, आणि दोन्ही मोजण्यांना एकमेकींसमोर उभं करतोय. यातली खरी अवघड गोष्ट कोणती, तर रकाने परीक्षकांचे नव्हे, जोड्यांचे घ्यायचे हे सुचणं. ती सूचना प्रश्नातच आहे: अट 'कोणत्याही दोन परीक्षकांबद्दल' आहे. ज्या वस्तूबद्दल अट दिली असेल, तिचा रकाना करून बघायचा. नेहमी चालतं असं नाही, पण सुरुवात तिथून करावी.

पुढे पाच परीक्षक. त्यांचे पास-नापास असे दोन गट पडतील: ५-०, ४-१ किंवा ३-२. एकमत असलेल्या जोड्या अनुक्रमे १०, ६ आणि ४. म्हणजे प्रत्येक ओळीत किमान ४ खुणा, आणि रकाने १०. सातांसाठी ४-३ ची विभागणी ९ खुणा देते, रकाने २१. तीन परीक्षकांसाठी ओळीत किमान १ खूण होती, पाचांसाठी ४, सातांसाठी ९. वर्गसंख्या! इथे थांबून का ते विचार. गट एका माणसाच्या फरकाने पडलेत, आणि गटातल्या जोड्यांची संख्या म्हणजे शाळेतली आपली त्रिकोणी संख्या. लागोपाठच्या दोन त्रिकोणी संख्यांची बेरीज वर्ग असते, हे तू सातवी-आठवीत ठिपके मांडून पाहिलं असशील. परीक्षक २म + १ असतील, तर ओळीत किमान म² खुणा आणि रकाने म(२म + १). भागाकार म/(२म + १), तो म्हणजेच (प − १)/२प.

झालं? नाही. 'गट जवळजवळ समान पडले की एकमत सर्वांत कमी' हे तू नुसतं लिहिलंस तर मी गुण कापीन. तुझ्या वहीत 'उघड आहे' हे शब्द मी नऊ ठिकाणी मोजले. आरएमओला उत्तर नव्हे, सिद्धता तपासली जाते, आणि 'उघड आहे' लिहिलेल्या जागेवरच तपासणाऱ्याचं पेन थांबतं. खरं तर दोन वाक्यांचं काम आहे. मोठ्या गटातला एक परीक्षक लहान गटात हलव. मोठ्या गटातल्या बाकीच्यांशी असलेलं त्याचं एकमत तुटतं आणि लहान गटातल्या सगळ्यांशी नवं जुळतं. गटांत दोन किंवा जास्त माणसांचा फरक आहे तोवर तुटणाऱ्या जोड्या नव्या जोड्यांपेक्षा जास्तच भरतात.

सिद्धता पूर्ण झाली की एक काम उरतं, आणि ते बहुतेक मुलं करत नाहीत. एक अट काढून बघायचं. 'विषम' हा शब्द काढ आणि चार परीक्षक घे: अ, ब, क, ड. तीन स्पर्धक. पहिल्याला अ आणि ब पास करतात, दुसऱ्याला अ आणि क, तिसऱ्याला अ आणि ड. बाकीचे दोघं प्रत्येक वेळी नापास करतात. आता कोणतीही जोडी घे, तिचं एकमत नेमकं एकाच स्पर्धकाबाबत आहे. म्हणजे गुणोत्तर एक तृतीयांश. सूत्र मात्र किमान तीन अष्टमांश मागतं. एक तृतीयांश त्याहून लहान, म्हणून सम संख्येला विधान खोटं ठरतं. आता 'विषम' हा शब्द तिथे का आहे ते तू कधी विसरणार नाहीस. आणि तुझ्या सिद्धतेत विषमपणा कुठेच वापरला गेला नसता, तर ती सिद्धता नक्की चुकलेली, हेही इथे कळलं असतं.

वेळेचं म्हणशील तर एका गणिताला तीन बैठका दे. पहिलीत फक्त लहान उदाहरणं हाताने करायची. दुसरीत कोष्टक, अंदाज, सिद्धता. तिसरी दुसऱ्या दिवशी, कोऱ्या कागदावर, आधीचं काही न बघता पूर्ण लेखन. दोन्ही बैठका कोरड्या गेल्या तर उत्तर उघड, पण पहिली ओळ वाचून लगेच मिट आणि पुन्हा बस. वहीत उत्तरं उतरवू नकोस. प्रत्येक गणितापुढे एकच वाक्य लिही: 'मी काय मोजत होते आणि काय मोजायला हवं होतं.'

आता पुढच्या आठवड्याचं गणित. आठ मुलं, आठ प्रश्न. प्रत्येक प्रश्न बरोबर पाच मुलांनी सोडवलाय. त्यांत अशी दोन मुलं असतातच, की दोघांत मिळून एकही प्रश्न सुटायचा राहिलेला नाही, सिद्ध कर. इथे कोणी सोडवला त्यापेक्षा कोणी सोडवला नाही ते मोजणं सोपं जातं, एवढंच सांगतो. ते झालं की पाचाऐवजी चार करून बघ. तुझी मोजणी तिथे अडेल. पण मोजणी अडली म्हणजे विधान खोटं ठरलं असं नव्हे. ते खोटं ठरवायला उदाहरण लागेल, आणि ते मांडायला तुला बराच वेळ लागेल.

उत्तर नको, कोष्टक पाठव. खोडलेलं असलं तरी चालेल. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझे,
सर