पट्टी पिवळी पडली म्हणजे नेमकं काय झालं?

सकाळी सहाच्या सुमाराला गावातल्या संकलन केंद्रावर कॅन, किटल्या आणि बादल्यांची रांग लागते. प्रत्येकाचं दूध मोजायचं, फॅट आणि डिग्री लावायची, पावती द्यायची आणि पुढच्याला बोलवायचं, एवढ्या घाईत आता अनेक केंद्रांवर आणखी एक काम आलं आहे. बाटलीतून कागदाची किंवा प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी काढायची, दुधात बुडवायची आणि तिचा रंग बघायचा. युरिया, डिटर्जंट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड या तिन्हींसाठी अशा पट्ट्या बाजारात मिळतात. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनेही अशा चाचण्या विकसित केल्या आहेत. पट्टी बुडवणं कोणालाही जमतं. अवघड आहे ते पुढचं. रंग बदलला, तर समोर उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचं?

आधी युरिया. दुधात पाणी घातलं की एसएनएफ, म्हणजे फॅट वगळता उरलेले घन घटक, कमी होतात. लॅक्टोमीटरची डिग्री उतरते आणि दर पडतो. ती डिग्री पुन्हा चढवण्यासाठी खताचा पांढरा युरिया विरघळवला जातो. यातली गोम अशी की युरिया हा दुधातला नैसर्गिक घटकही आहे. जनावराच्या पोटात प्रथिनांपासून अमोनिया तयार होतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि रक्तातून तो दुधात उतरतो. म्हणून नियमात युरिया शून्य असावा असं म्हटलेलं नाही. 100 मिलिलिटर दुधात 70 मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो. त्यामुळे युरियाच्या पट्टीवर थोडा रंग चांगल्या दुधालाही येणारच. 'रंग आला का?' असं विचारून इथे भागत नाही, 'किती आला आणि कशाच्या तुलनेत?' असं विचारावं लागतं.

या पट्ट्या दोन जातीच्या असतात. एका जातीत डीएमएबी नावाचं रसायन असतं. ते युरियाशी मिळून पिवळं होतं. दुसरीत युरिएज हे विकर असतं. ते युरिया फोडून अमोनिया मोकळा करतं आणि त्या अमोनियाने शेजारचा रंगसूचक बदलतो. हेच विकर सोयाबीनमध्येही असतं. चमचाभर दुधात अर्धा चमचा सोयाबीनची किंवा तुरीची भुकटी मिसळून हलवायचं, पाच मिनिटांनी लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवून बाहेर काढायचा आणि तो निळा झाला तर युरिया घातल्याचा संशय घ्यायचा, ही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुचवलेली घरगुती चाचणी याच तत्त्वावर चालते.

आपल्या हातातली पट्टी कोणत्या जातीची आहे हे केंद्रचालकाला माहीत असायलाच हवं, कारण दोघींच्या चुका वेगळ्या आहेत. पिवळी पडणारी पट्टी गायीच्या दुधात आधीच जराशी पिवळी दिसते, कारण गायीच्या दुधाला कॅरोटिनचा पिवळसरपणा असतो. म्हशीचं दूध पांढरं. तुलनेसाठी म्हशीचं दूध ठेवलं आणि तपासलं गायीचं, तर प्रामाणिक शेतकरीही दोषी दिसेल. खोलीत पिवळा बल्ब असेल तर खरोखरचा पिवळा रंगही डोळ्याला कळत नाही. त्यामुळे पांढऱ्या उजेडात, खात्रीच्या त्याच जातीच्या जनावराच्या दुधात बुडवलेली पट्टी शेजारी ठेवूनच निकाल वाचावा. युरिएजच्या पट्टीची अडचण वेगळी. ती खरं तर अमोनियामुळे वाढलेला क्षारपणा दाखवते, म्हणून दुधात सोडा असेल तरी तिचा रंग बदलतो. उलट दूध आंबायला लागलं असेल तर त्यातलं आम्ल अमोनिया खाऊन टाकतं आणि युरिया असूनही रंग फिका राहतो. शिवाय कूलरमधलं चार अंशांचं थंडगार दूध घेतलं की विकराचं काम मंदावतं आणि ठरलेल्या वेळेत रंग पुरता चढतच नाही. नमुना थोडा वेळ बाहेर ठेवून मगच पट्टी बुडवावी.

आता एक उदाहरण आकड्यांसह पाहू. समजा, एक शेतकरी गायीच्या दुधाचा 40 लिटरचा कॅन घेऊन आला. दूध ढवळून नमुना घेतला, पट्टी बुडवली, बाटलीवर लिहिलेल्या वेळेला पाहिलं, तर रंग तुलनेच्या पट्टीपेक्षा एक पायरी गडद. केंद्राच्या सचिवाला दोनच गोष्टी शक्य वाटतात: युरिया घातलाय किंवा नाही घातलेला. पण थोडा हिशेब केला की चित्र स्पष्ट होतं. लॅक्टोमीटरची एक डिग्री वाढवायला लिटरमागे साधारण साडेतीन ते चार ग्रॅम युरिया लागतो, म्हणजे 100 मिलिलिटरला 350 ते 400 मिलिग्रॅम. नैसर्गिक युरिया 70 च्या आत आणि भेसळीचा त्याच्या पाच-सहा पट. डिग्रीसाठी केलेली भेसळ पट्टीवर ठळक दिसते, ती कडेकडेने सरकत नाही. एकाच पायरीने गडद झालेली पट्टी दिसली तर आधी चाऱ्याची चौकशी करावी.

"अण्णा, गाईला सध्या काय चालू आहे?" हा प्रश्न इथे संशयाचा नाही, तपासणीचाच भाग आहे. पावसाळ्यात कोवळं हिरवं गवत, लसूणघास, वर शेंगदाणा पेंड किंवा सरकी पेंड आणि भरड मात्र कमी, असं असेल तर प्रथिनं जास्त आणि ती वापरायला लागणारी ऊर्जा अपुरी पडते. उरलेला अमोनिया युरिया होऊन दुधात येतो. युरिया प्रक्रिया केलेला कडबा किंवा भुसा खाऊ घालत असतील तरी तेच. खात्रीचा उपाय म्हणजे गोठ्यावरचा नमुना: पुढच्या धारेला सचिवाने गोठ्यावर जायचं, आपल्या समोर, आपण नेलेल्या स्वच्छ भांड्यात धार काढून घ्यायची आणि तोच प्रयोग करायचा. कासेतून आलेल्या दुधातही पट्टी तितकीच गडद झाली, तर दोष कॅनमध्ये नाही. पेंड कमी करून भरड वाढवली की दोन-तीन दिवसांत आकडा उतरताना दिसतो. गोठ्यावरचं दूध मात्र फिकं आणि केंद्रावर आलेलं गडद असेल, तर मधल्या रस्त्यात काहीतरी घडलं आहे.

हे सगळं कॅन कूलरमध्ये ओतण्यापूर्वीच करायला हवं. वरच्या कॅनमध्ये 100 मिलिलिटरला 375 मिलिग्रॅम युरिया घातला आहे असं धरा. तो कॅन हजार लिटरच्या कूलरमध्ये गेला की ही भर 15 मिलिग्रॅमवर येते. आधीच्या दुधात नैसर्गिक 40 असेल, तर कूलरमधलं दूध 55 दाखवेल, म्हणजे नियमात बसेल. टँकरच्या तोंडाशी पट्टी बुडवणाऱ्याला काहीच सापडणार नाही.

पेरॉक्साइडच्या बाबतीत घाई करण्याचं कारण आणखी मोठं आहे. संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत टिकावं, फाटू नये म्हणून जंतू मारायला ते घातलं जातं. पट्टीवर पेरॉक्सिडेज विकर आणि रंग देणारं रसायन असतं आणि काही सेकंदांत निळा रंग उमटतो. पण दुधातलं कॅटालेज विकर आणि दुधातले जंतू पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतात. सकाळी केंद्रावर निळी झालेली पट्टी दुपारी प्लांटवर कोरी निघू शकते. त्यावरून सचिव खोटा ठरत नाही. म्हणून पट्टी बुडवल्याबरोबर वेळ लिहून ठेवणं आणि शक्य तर त्याच क्षणी साक्षीदारासमोर दुसरी पट्टी बुडवणं आवश्यक आहे. आणखी एक पथ्य: ठरलेली वेळ उलटून गेल्यावर वाचू नये. पट्टी वाळताना हवेनेही रंग धरते आणि दहा मिनिटांनी पाहिलेली निळी छटा पुरावा होत नाही. कॅन ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन नीट खंगाळला नसेल, तरी अशी पट्टी फसू शकते.

डिटर्जंटच्या पट्टीत मला सर्वांत जास्त सावधपणा हवासा वाटतो. तेल दुधात मिसळून फेस आणि पांढरेपणा आणण्यासाठी डिटर्जंट वापरतात, हे खरं. पण या पट्टीवर बहुधा ब्रोमोक्रिसॉल पर्पल हा आम्ल-क्षार ओळखणारा रंग असतो. चांगल्या दुधात तो फिका राहतो आणि क्षारता वाढली की जांभळा होतो. त्यामुळे जांभळ्या रंगाची कारणं निदान तीन. डिटर्जंट, आंबटपणा लपवायला घातलेला सोडा आणि दगडी, म्हणजे कासदाह झालेल्या जनावराचं दूध, कारण ते मुळातच जास्त क्षारधर्मी होतं. त्यात चौथं कारण केंद्राच्याच अंगणात असतं. साबणाने धुतलेली आणि घाईत एकदाच खंगाळलेली किटली! जांभळी पट्टी दिसली तर आधी केंद्रातली नमुन्याची बाटली गरम पाण्याने स्वच्छ धुऊन पुन्हा बघावं, मग शेतकऱ्याला कास सुजली आहे का, दुधात गाठी येतात का ते विचारावं. खरा डिटर्जंट आहे की नाही हे मेथिलीन ब्लू आणि क्लोरोफॉर्म वापरून प्रयोगशाळेतच ठरतं.

पट्टी उलट्या बाजूनेही फसवते. विकरं उष्णतेने आणि दमटपणाने मरतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत झाकण उघडं राहिलेल्या बाटलीतली पट्टी कोणत्याही दुधात कोरीच राहील आणि सगळ्यांचं दूध निर्मळ ठरवेल. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम भेसळ करून पाहावं. वाटीभर चांगल्या दुधात चिमूटभर युरिया, दुसऱ्या वाटीत औषधाच्या दुकानातल्या पेरॉक्साइडचे आठ-दहा थेंब. पट्ट्या रंगल्या तर बाटली ठीक, नाहीतर टाकून द्यायची. ते दूध नंतर गटारात ओतायचं, जनावरालाही द्यायचं नाही.

2018 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातल्या 1103 शहरांतून दुधाचे 6432 नमुने तपासले. त्यांतले 12 भेसळीचे निघाले: 6 मध्ये पेरॉक्साइड, 3 मध्ये डिटर्जंट, 2 मध्ये युरिया आणि एकात आम्लता मारणारा क्षार. हा आकडा ध्यानात ठेवून एका केंद्राचा विचार करा. 300 उत्पादक आहेत आणि समजा, पट्टी शंभरात दोनदा चुकून रंगते. एका सकाळी सहा प्रामाणिक कॅन संशयित ठरतील आणि खरा भेसळवाला त्यात एखादा असेल किंवा नसेलही. पहिल्याच रंगावर दूध परत पाठवून पैसे कापणाऱ्या केंद्रात बहुतेक वेळा अन्यायच होईल, हे यावरून कळतं.

म्हणून पट्टी रंगली की कॅन बाजूला ठेवायचा, ओतायचा नाही. त्याच नमुन्यावर दुसऱ्या बाटलीतली पट्टी बुडवायची. शेतकऱ्यासमोर नमुना भरून, सील करून दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि तो थंडीत प्लांटच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. कायद्याने कारवाई करायची असेल तर तिचा रस्ता वेगळा आहे. तिथे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने घेतलेला आणि चार भागांत विभागलेला नमुनाच चालतो. केंद्रावरची पट्टी तिथे पुरावा धरत नाहीत.

नोंदवहीत 'भेसळ' असा शिक्का मारण्याऐवजी पट्टीची बॅच, बुडवल्याची वेळ, वाचल्याची वेळ, तुलनेच्या पट्टीपेक्षा किती पायऱ्या गडद आणि चाऱ्याची माहिती एवढं लिहिलं, तर महिन्याभरात त्या पानांवरून कोणत्या घरचं दूध पाऊस सुरू झाल्यापासून हळूहळू गडद होत गेलं आणि कोणतं एकाच सकाळी एकदम उडी मारून गेलं, हे वेगळं दिसू लागतं. पहिल्या घरी पशुवैद्याला पाठवायचं आणि दुसऱ्याच्या गोठ्यावर न सांगता धारेच्या वेळी जायचं.