आकडा बरोबर, एकक चूक: अर्धा गुण कुठे कापायचा?

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात सहज शोभेल असा एक प्रश्न घेऊ. एका तारेची लांबी १.५० मीटर, व्यास ०.४० मिलिमीटर आणि रोध ६.० ओहम आहे, तर तारेच्या पदार्थाची रोधकता काढा. गुण दोन. सूत्र सरळ आहे: ρ = RA/L. व्यास निम्मा करून त्रिज्या काढायची, तिच्या वर्गाला पायने गुणून काटछेदाचे क्षेत्रफळ काढायचे, त्याला रोधाने गुणायचे आणि लांबीने भागायचे. उत्तर येते ५.०२७ × १०⁻⁷ ओहम-मीटर.

या प्रश्नाची चार उत्तरे परीक्षकासमोर आली आहेत असे समजू. पहिल्यात ५.०२७ × १०⁻⁷ एवढेच लिहिले आहे, पुढे एककच नाही. दुसऱ्यात आकडा तोच, पण एकक ओहम प्रति मीटर. तिसऱ्यात ०.५०२७ ओहम-चौरस मिलिमीटर प्रति मीटर. चौथ्यात ०.५०२७ ओहम-मीटर. चौघांनीही सूत्र बरोबर लिहिले आहे आणि गुणाकार-भागाकारही चुकलेला नाही.

दोन गुणांच्या न्युमेरिकलची विभागणी आपल्याकडे साधारण अर्ध्या-अर्ध्या गुणाने होते. सीबीएसईच्या मार्किंग स्कीममध्ये पायऱ्यांसमोर ½ असे छापलेले दिसते. सूत्राला अर्धा, किमती घालायला अर्धा, आकडेमोडीला अर्धा आणि एककासह अंतिम उत्तराला अर्धा, अशी ती मांडणी असते. म्हणजे एकक चुकले तर दीड गुण, असे शिक्षक सवयीने मानतात. पण या चार उत्तरांना तो एकच नियम लावला, तर एकावर अन्याय होतो आणि एकाला नको तेवढी सूट मिळते.

अन्याय होतो तो तिसऱ्यावर. या विद्यार्थ्याने क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्येच ठेवले आणि लांबी मीटरमध्ये. ६.० गुणिले ०.१२५६८ भागिले १.५०, उत्तर ०.५०२७. एककही त्याने तसेच पुढे नेले: ओहम गुणिले चौरस मिलिमीटर भागिले मीटर. हे एकक विचित्र दिसत असले तरी पूर्ण बरोबर आहे. तारा आणि केबल बनवणाऱ्यांच्या तक्त्यांत रोधकता याच एककात देतात, कारण तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये आणि लांबी मीटरमध्ये मोजणे त्यांना सोयीचे पडते. एक ओहम-चौरस मिलिमीटर प्रति मीटर म्हणजे १०⁻⁶ ओहम-मीटर. हिशेब करून पाहिला की ०.५०२७ चे ५.०२७ × १०⁻⁷ होतात. प्रश्नात ‘एसआय एककात उत्तर द्या’ असे म्हटले नसेल, तर याला दोनपैकी दोन गुण मिळायला हवेत. आदर्श उत्तराशी नुसता आकडा ताडून पाहणारा परीक्षक मात्र ०.५०२७ दिसताच काट मारतो.

चौथ्याने नेमकी उलटी गोष्ट केली. आकडेमोड तशीच, पण शेवटी सवयीने ओहम-मीटर लिहून टाकले. त्यामुळे तेच ०.५०२७ दहा लाख पटींनी चुकले. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात जर्मेनियमची रोधकता सुमारे ०.४६ ओहम-मीटर दिलेली असते, म्हणजे या विद्यार्थ्याने धातूच्या तारेचा चक्क अर्धवाहक केला. त्याच्या उत्तरावरून उलट हिशेब केला तर तारेचा रोध ६ ओहमऐवजी ६० लाख ओहम येतो. इथे एकक चुकले आणि आकडा बरोबर आहे, असे म्हणताच येत नाही. सूत्राचा आणि किमती घालण्याचा मिळून एक गुण द्यावा, पुढचा देऊ नये.

तिसरे आणि चौथे उत्तर शेजारी ठेवले की एक गोष्ट उघड होते. आकडा तोच असताना एक उत्तर पूर्ण बरोबर ठरते आणि दुसरे साफ चूक. ‘अंतिम किंमत बरोबर, फक्त युनिट चुकले’ हे वाक्य स्टाफरूममध्ये सर्रास ऐकू येते, पण किंमत ठरते ती आकडा आणि एकक मिळून.

मग पहिल्या दोघांचे काय? पहिल्याने एकक लिहिलेच नाही. त्याने मिलिमीटरचे मीटर केले होते, हे किमती घातलेल्या ओळीत दिसते. त्यामुळे आकडा कुठल्या एककातला आहे याबद्दल शंका उरत नाही. अर्धा गुण कापून पुढे जावे. दुसऱ्याचे ओहम प्रति मीटर मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. ही विसरभोळेपणाची चूक नाही. रोधकता म्हणजे एक मीटर तारेचा रोध, असा समज त्यामागे असण्याची दाट शक्यता आहे. एक मीटर तारेचा रोध ही राशी खरोखर असते आणि या तारेसाठी ती ६.० भागिले १.५०, म्हणजे ४.० ओहम प्रति मीटर आहे. तार दुप्पट जाड घेतली की ती राशी चौपटीने उतरते. रोधकता तिथल्या तिथेच राहते, कारण ती तारेची नसून पदार्थाची असते. गुण दोघांचाही अर्धाच कापावा, कारण सूत्र आणि आकडेमोड यांचे गुण विद्यार्थ्याने आधीच मिळवलेले आहेत आणि एकाच चुकीची शिक्षा दोनदा देता येत नाही. पण कॉलेजच्या चाचणीत पेपर परत देताना दुसऱ्याच्या उत्तराखाली दोन शब्द लिहायला हवेत. नुसती लाल रेघ पाहून त्याला आपले काय चुकले ते कळणार नाही.

सार्थ अंकांचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि इथे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची एक खास अडचण आहे. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. चार अंकी लॉग टेबलातून उत्तर बाहेर पडते ते चार अंकांचे, मग दिलेली माहिती दोन अंकी असो की तीन. म्हणून ५.०२७. पण त्यातले शेवटचे दोन अंक तारेबद्दल काही सांगतात का? पायची किंमत ३.१४ घेतली तर उत्तर ५.०२४ येते, ३.१४२ घेतली तर ५.०२७ आणि २२/७ घेतली तर ५.०२९. तार तीच असताना विद्यार्थ्याने पाय कोणता घेतला यावर जे अंक बदलतात, ते तारेचे अंक नव्हेत.

खरी मर्यादा व्यासाच्या मापातून येते. शाळा-कॉलेजातल्या स्क्रू गेजचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर असते. ०.४० मिलिमीटरच्या व्यासात ०.०१ इकडे-तिकडे झाले की चूक अडीच टक्क्यांची होते. क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, म्हणून तिथे ती पाच टक्के. एवढ्या एका कारणाने उत्तर साधारण ४.८ ते ५.३ च्या दरम्यान कुठेही असू शकते. मँगनिनची रोधकता सुमारे ४.८ × १०⁻⁷ ओहम-मीटर, कॉन्स्टंटनची सुमारे ४.९ × १०⁻⁷ आणि नायक्रोमची १० × १०⁻⁷ च्या आसपास. म्हणजे ही तार नायक्रोमची नाही हे या मापनावरून ठामपणे सांगता येते. मँगनिनची की कॉन्स्टंटनची हे सांगता येत नाही. ५.० × १०⁻⁷ असे लिहिणारा विद्यार्थी नेमके तेवढेच सांगतो. जर्नल घरी पूर्ण करताना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरून ५.०२६५४८२ उतरवणारा मात्र आपल्या स्क्रू गेजला कधीच न दिसलेली गोष्ट लिहून बसतो.

तरीही लेखी पेपरात या कारणाने गुण कापू नयेत. लेखी प्रश्नांतली माहिती बहुधा सार्थ अंकांचा विचार करून लिहिलेली नसते. ‘लांबी २ मीटर, प्रवाह ३ अँपिअर’ असे छापून येते, तेव्हा नियम काटेकोर लावला तर उत्तर एकाच अंकात द्यावे लागेल, आणि आदर्श उत्तरात मात्र चार अंक असतात. प्रश्न काढणाऱ्याने जे पाळले नाही, त्याची शिक्षा विद्यार्थ्याला देणे बरोबर नाही.

आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, या मंडळाचा या बाबतीतला प्रवास पाहण्यासारखा आहे. त्यांच्या भौतिकशास्त्राच्या जुन्या मार्किंग स्कीममध्ये एकक गाळल्याबद्दल गुण कापायचा तो एकदाच, आणि सार्थ अंकांत दोन किंवा अधिक अंकांची चूक असेल तर संपूर्ण पेपरात मिळून एक गुण कापायचा, असा नियम होता. उत्तर १.६३ असेल तर १.६ आणि १.६३१ चालत, २ आणि १.६३१४ चालत नसत. हाच नियम आपल्या तारेला तंतोतंत लावला, तर ५.०३ चालेल, पण लॉग टेबलातून आलेल्या ५.०२७ ला गुण गमवावा लागेल. पुढे याच मंडळाने दिशा बदलली. मार्किंग स्कीममध्ये खास म्हटले असेल तरच एकक किंवा सार्थ अंकांच्या चुकीबद्दल गुण कापा, एरवी नको, अशी सूचना परीक्षकांना मिळू लागली. केंब्रिजच्या पेपरांत तर अनेकदा उत्तराच्या रेघेपुढे एकक छापूनच दिलेले असते. त्याने वाद मिटतो खरा, पण ओहम-मीटर की ओहम प्रति मीटर हे ओळखण्याची कसोटीही त्याबरोबर निघून जाते.

आपल्याकडे ती कसोटी आधीच दुबळी झाली आहे. एमएचटी-सीईटीत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. जेईई मेनच्या संख्यात्मक प्रश्नात चौकटीत फक्त आकडा भरायचा असतो, एकक प्रश्नातच दिलेले असते. दोन वर्षे असा सराव केलेला मुलगा बोर्डाच्या पेपरात एकक लिहायला विसरला, तर त्यात नवल नाही.

सार्थ अंकांसाठी गुण ठेवायची जागा प्रात्यक्षिक परीक्षा ही आहे. तिथे व्यास विद्यार्थ्याने स्वतः मोजलेला असतो, उपकरणाचे लघुतम माप त्याला माहीत असते, म्हणून किती अंक लिहायचे याचा जाब त्याला विचारता येतो. मात्र अंक कमी करायचे ते शेवटी, मधल्या पायरीवर नव्हे. क्षेत्रफळ १.२५७ × १०⁻⁷ चौरस मीटर आले असताना कुणी नियम पाळण्याच्या उत्साहात तिथेच १.३ केले, तर उत्तर ५.२ येते. हा विद्यार्थी सार्थ अंकांचा नियम शिकला आहे, फक्त तो एक पायरी आधी वापरतो. त्याचे उत्तर कोरे चूक धरण्याऐवजी पायरीचे गुण देऊन त्याला गोलाकार कुठे करायचा ते दाखवावे.

लेखी पेपरातही ही कसोटी घ्यायची असेल, तर सुरुवात प्रश्न काढणाऱ्याने करावी. व्यास ‘०.४ मिलिमीटर’ असा न छापता ‘०.४० मिलिमीटर’ असा छापावा, प्रश्नाच्या शेवटी ‘उत्तर दोन सार्थ अंकांत आणि योग्य एककासह लिहा’ असे एक वाक्य घालावे, आणि आदर्श उत्तरात ५.० × १०⁻⁷ ओहम-मीटर लिहून त्याच्या समोर अर्धा गुण वेगळा दाखवावा. असे वाक्य प्रश्नात असेल, तर ५.०२७ लिहिणाऱ्याचा तो अर्धा गुण बेलाशक कापता येईल.