दलाली करायची, पण महारेराची परीक्षा द्यावीच लागेल का?

नाशिकमधल्या एका नवख्या एजंटाकडे दोन कामं आली, असं समजा: जुन्या सोसायटीतला फ्लॅट भाड्यानं देणं आणि नव्या टॉवरमधल्या घराचं बुकिंग. परवाना कशाला लागेल?

२०१६च्या रेरा कायद्याचं कलम ९ नोंदणीकृत प्रकल्पातल्या खरेदी-विक्रीपुरतं आहे. म्हणून भाड्याच्या कामाला ही नोंदणी लागत नाही. टॉवरच्या बुकिंगला लागतेच.

खूण सोपी आहे. प्रकल्पाचं नाव महारेराच्या संकेतस्थळावर शोधावं. ‘P’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसला, तर आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, प्रमाणपत्र आणि शेवटी एजंट म्हणून नोंदणी.

नोंदणीविना व्यवहार केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड होतो. तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो.